जळजळ कुठे, जखम कुठे

(रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या क्लब हाऊसमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला तो एका शब्दाचा, 'अ‍ॅसिडिटी'. म्हणाले, "डॉक्टर, आपल्या तिन्ही विंगमध्ये असं एक घर नाही जिथे फ्रीजवर त्या गोळ्यांची पट्टी नसेल." खरं आहे. गेली तीस वर्षं मी पोटाच्या रुग्णांमध्येच घालवली, आणि निवृत्त झाल्यावर लिफ्टमध्येही तीच ओपीडी चालू आहे. चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात लोक मला पित्त, गॅस, जळजळ, ढेकर असं सगळं एका दमात सांगतात आणि शेवटी विचारतात, "कोणती गोळी घेऊ?"

अडचण अशी की या एकाच शब्दाखाली आपण दोन वेगळे आजार कोंबतो. एकात पोटाच्या आतल्या अस्तराला जखम होते, तो अल्सर. दुसऱ्यात पोटातलं आम्ल नको त्या दिशेने, म्हणजे वर अन्ननलिकेत जातं, तो रिफ्लक्स. आम्ल दोन्हीकडे तेच, गोळीही बहुतेक वेळा तीच, पण कारण वेगळं. हा फरक कळला नाही तर काय होतं ते आपल्याच सोसायटीतल्या एका काकांच्या उदाहरणाने सांगतो. त्यांनी परवानगी दिली आहे. नाव सांगू नका म्हणाले, पण ते समोरच बसले आहेत आणि आत्ताच हसू लागले आहेत, त्यामुळे बाकी तुमचं तुम्ही बघा.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सकाळी साडेसातला वॉचमनने माझी बेल वाजवली. काका लिफ्टमध्ये चक्कर येऊन खाली बसले होते. वय चौसष्ट. चेहरा पांढराफटक, हात गार आणि घामेजलेले. नाडी ११८, रक्तदाब वरचा ९६. मी विचारलं, "संडासचा रंग कसा आहे?" माणूस चक्कर येऊन पडला आहे आणि डॉक्टर हे काय विचारतोय, असं काकूंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. काका म्हणाले, "तीन दिवस काळी होतेय. डांबरासारखी. मला वाटलं जांभळं खाल्ली म्हणून."

जांभळांनी, लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो. पण डांबरासारखी चकचकीत, चिकट, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहणारी आणि एक विशिष्ट उग्र वास असलेली काळी शौच म्हणजे पोटात वरच्या भागात सांडलेलं रक्त. आम्ल आणि पाचकरस रक्तावर काम करतात म्हणून ते लाल न राहता काळं होतं. आजच्या भाषणातली एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल. अशा वेळी रिपोर्टची, सुनेच्या ऑफिसमधून येण्याची, सोमवारची वाट बघायची नाही.

हॉस्पिटलमध्ये हिमोग्लोबिन निघालं ७.४. वर्षापूर्वीच्या तपासणीत ते १३ होतं. दोन बाटल्या रक्त दिलं, आणि दुपारी दुर्बीण घालून पाहिलं. जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथे, आतड्याच्या अगदी पहिल्या भागात, साधारण एक सेंटिमीटरची खोल जखम होती आणि तिच्या तळाशी एका रक्तवाहिनीचं तोंड दिसत होतं. दुर्बिणीतूनच तिथे इंजेक्शन देऊन क्लिप लावली. रक्त थांबलं. काका वाचले.

आता प्रश्न, ही जखम झाली कशी? त्यासाठी आधी उलटा प्रश्न विचारायला हवा. मागे सोसायटीच्या सहलीत एका मुलाने तो मला विचारला होता, पाचवीतला मुलगा. "काका, पोट जर मटण पचवतं, तर ते स्वतःलाच का पचवत नाही?" वैद्यकाच्या परीक्षेत मला इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता.

जठर दिवसाला दीड ते दोन लिटर रस तयार करतं, आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. आम्लाची तीव्रता मोजायची जी पट्टी आहे तिच्यावर रक्त ७.४ ला असतं आणि भरात असलेलं जठर एक-दीडच्या आसपास. पट्टी अशी आहे की एक आकडा खाली म्हणजे दहापट तीव्र. म्हणजे जठराच्या आत रक्ताच्या दहा लाख पटीच्या घरातलं आम्ल आहे, आणि ते ज्या पेशींना लागून आहे त्या पेशी जिवंत आहेत.

त्या जिवंत राहतात कारण त्यांच्यावर एक बुळबुळीत, चिकट थर असतो. नाकातल्या शेंबडाचाच भाऊबंद म्हणा. मिलिमीटरचा छोटासा अंश एवढीच त्याची जाडी. पण त्या थराच्या आत पेशी सतत बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्यातला जो आम्ल मारणारा भाग तोच, सोडत असतात. आम्ल वरून आत शिरू बघतं, सोडा खालून वर येतो, आणि थराच्या मधेच दोघांचा हिशेब मिटतो. वर दीड, खाली पेशीपाशी जवळजवळ सात. शिवाय पेशी दर तीन ते पाच दिवसांनी बदलल्या जातात, आणि खालून रक्तपुरवठा चांगला असतो, त्यामुळे किरकोळ ओरखडा काही तासांत भरून येतो.

हा चिकट थर, हा सोडा, हा रक्तपुरवठा, तिन्ही गोष्टी चालू ठेवणारी एक रसायनं असतात, त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. आणि इथेच काकांच्या गुडघ्यांचा संबंध येतो.

काका पाच महिने डायक्लोफिनॅकची गोळी घेत होते. मित्राला लागू पडली, म्हणून. गुडघ्यातली सूज आणि दुखणं हेही प्रोस्टाग्लँडिनमुळेच होतं. गोळी ती बनूच देत नाही. गुडघ्यात बनू देत नाही तशीच जठरातही नाही. रक्तात मिसळून ती सगळीकडे जाते, त्यामुळे "मी जेवून घेतो ना", "मी इंजेक्शन घेतो, गोळी नाही" याने पोटाचा बचाव होत नाही. वर ती गोळी दुखणं मारणारी असल्यामुळे पोटातली जखमही फारशी दुखत नाही. वयस्कर माणसांत पहिली खूण थेट रक्तस्राव हीच असू शकते.

पण नुसती गोळी हेच कारण म्हणून थांबता येत नव्हतं. काकूंनी एक गोष्ट सांगितली. गोळ्या सुरू व्हायच्याही आधीपासून, चांगलं वर्षभर, काका रात्री दोन-तीन वाजता उठून किचनमध्ये बिस्किटं शोधायचे. पोटात वरच्या बाजूला कुरतडल्यासारखं व्हायचं, दोन बिस्किटं आणि अर्धा कप दूध घेतलं की थांबायचं. रात्री जठर आम्ल करतच असतं आणि त्यावेळी ते शोषून घ्यायला अन्न नसतं. रिकाम्या पोटी, रात्री दुखणारं आणि खाल्ल्यावर थांबणारं हे दुखणं आतड्याच्या तोंडाशी असलेल्या अल्सरचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. म्हणजे गोळ्यांच्या आधीच तिथे काहीतरी चाललं होतं.

हे 'काहीतरी' म्हणजे काय हे शोधायला वैद्यकाला फार वेळ लागला, आणि त्याची किंमत माझ्या घराने मोजली आहे, म्हणून जरा विषयांतर करतो.

माझे वडील नाशिक जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांनाही असंच रात्री दुखायचं. त्या काळी शिकवण असायची की अल्सर म्हणजे आम्ल जास्त, आम्ल जास्त म्हणजे चिंता, तिखट आणि चहा. १९१० साली श्वार्त्झ नावाच्या सर्जनने मांडलं होतं की आम्ल नाही तर अल्सर नाही, आणि पुढे सत्तर वर्षं सगळे त्याच वाक्याच्या आत फिरत होते. वडिलांना मास्तर, चिंता करू नका असं सांगितलं. तिखट बंद, दर दोन तासांनी दूध. दुधाने घटकाभर बरं वाटतं हे खरं, कारण ते असलेलं आम्ल शोषतं. पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल करायला लावतात, त्यामुळे तासाभराने पुन्हा तेच. १९७३ साली त्यांचं ऑपरेशन झालं. जठराला आम्ल करायचा हुकूम देणारी नस कापायची आणि जठराला आतड्याशी नवं तोंड करून जोडायचं. अल्सर गेला. पण पुढे आयुष्यभर गोड खाल्लं की दहा-पंधरा मिनिटांत त्यांना घाम सुटायचा, छातीत धडधडायचं, आडवं व्हावं लागायचं. अन्न जठरात थांबेना, थेट आतड्यात कोसळायचं. माझ्या लग्नात त्यांनी जिलबीला हात लावला नाही. लोकांना वाटलं, मास्तरांचा काही नवस असेल.

ते गेले १९८१ साली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन नावाचे एक पॅथॉलॉजिस्ट जठराच्या तुकड्यांवर सूक्ष्मदर्शकाखाली वारंवार दिसणाऱ्या वळणदार जिवाणूंकडे बोट दाखवत होते आणि कुणी फारसं ऐकत नव्हतं. एवढ्या आम्लात जिवाणू जगेल कसा? बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. ते जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा फसला, कारण दोन दिवसांत काही दिसलं नाही की बशी फेकून द्यायची पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, आणि सुट्टीनंतर पाहतात तर जिवाणू वाढलेला! तो हळू वाढणारा होता, एवढंच. पुढे १९८४ साली मार्शलने तो जिवाणू स्वतःच पिऊन दाखवला. काही दिवसांत त्याला मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीने काढलेल्या तुकड्यात जठराला सूज आणि त्यात तोच जिवाणू सापडला. त्याला अल्सर झाला नव्हता, फक्त सूज आली होती. सांगणारे लोक गोष्ट रंगवताना ते विसरतात. वॉरन आणि मार्शल यांना २००५ साली नोबेल मिळालं.

माझ्या वडिलांच्या पोटात तो जिवाणू होता का, हे आता कधीच कळणार नाही. असावा असं मला वाटतं. असता तर दोन आठवड्यांच्या गोळ्यांचं काम होतं.

या जिवाणूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. आपण नुसतं पायलोरी म्हणू. तो आम्लात जगतो ते एका युक्तीने. आपल्या शरीरात सगळीकडे युरिया असतो, जठराच्या रसातही. पायलोरी तो युरिया फोडून अमोनिया करतो, आणि अमोनिया आम्ल मारतो. म्हणजे स्वतःभोवती तो एक छोटासा ढग घेऊन फिरतो. त्यातली आणखी गंमत अशी की आपला तो चिकट थर आम्लात घट्ट असतो आणि आम्ल कमी झालं की पातळ होतो. त्यामुळे जिवाणू जिथे जातो तिथली वाट आपोआप सैल होते, आणि शेपट्या हलवत तो थराच्या खाली, पेशींपाशी पोचतो, जिथे आम्ल तसंही नसतं. तिथे त्याने एकदा घर केलं की औषध दिल्याशिवाय तो बहुधा आयुष्यभर राहतो. लागण बहुतेक लहानपणीच होते, घरातल्या घरात, तोंडावाटे. आपल्या देशात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो आहे. या सभागृहातही असणार. आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच अल्सर होणार नाही. दहात एखाद्याला होतो.

मग ज्याला होतो त्याला कसा होतो? इथे जरा लक्ष द्या, कारण माझ्या मते पोटाच्या आजारांतली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. सुंदर म्हणजे डॉक्टरांना, रुग्णाला नव्हे.

जठराचे दोन भाग समजा. वरचा मोठा भाग म्हणजे आम्लाचा कारखाना. खालचा निमुळता भाग म्हणजे कारखान्याचं ऑफिस. जेवण आलं की ऑफिसमधून गॅस्ट्रिन नावाचा निरोप वर जातो, 'उत्पादन वाढवा'. आम्ल पुरेसं झालं की त्याच ऑफिसमधल्या दुसऱ्या पेशी ब्रेक लावतात, 'आता पुरे'. पायलोरी जर खालच्या भागात ठाण मांडून बसला, तर त्या सुजेने ब्रेकवाल्या पेशी निकामी होतात. निरोप जातच राहतो. वरचा कारखाना धडधाकट असल्यामुळे मुकाट्याने जादा आम्ल करत राहतो. हे जादा आम्ल पुढे आतड्याच्या तोंडाशी पडतं. आतड्याच्या अस्तराला एवढ्या आम्लाची सवय नाही, म्हणून ते स्वतःला वाचवायला जागोजागी जठरासारखं रूप घेतं. आणि नेमकं हेच महागात पडतं, कारण पायलोरीला फक्त जठरासारख्याच पेशींवर राहता येतं. आजवर जिथे त्याला पाय ठेवता येत नव्हता तिथे आपणच त्याला खोली बांधून दिली! तो तिथे येतो, सूज येते, वरून आम्ल, आणि जखम.

पण तोच जिवाणू जर वरच्या भागात, कारखान्यातच पसरला, तर उलट घडतं. आम्ल करणाऱ्या पेशीच मार खातात, आम्ल कमी होतं. अशा माणसाला अल्सर झालाच तर तो जठरातच होतो, आणि तो आम्ल जास्त म्हणून नव्हे, तर अस्तर दुबळं म्हणून. वर्षानुवर्षं हे चाललं तर त्यातल्या थोड्या लोकांत जठराच्या कर्करोगाची शक्यता वाढते. म्हणून जठरातल्या अल्सरमधून आम्ही नेहमी तुकडा काढून तपासतो आणि तो भरला का हे पुन्हा दुर्बीण घालून बघतो.

तर काकांच्या बाबतीत वर्षभराची बिस्किटं म्हणजे पायलोरीची शंका, आणि पाच महिन्यांची गुडघ्याची गोळी म्हणजे उरलेल्या बचावावर घाव. दोन्ही एकत्र आले की धोका कितीतरी वाढतो. पण पुरावा हवा. दुर्बिणीच्या वेळी एक तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकला होता. जिवाणू असेल तर अमोनिया होऊन जेल गुलाबी होतं. ते पिवळंच राहिलं. घरचे म्हणाले, "चला, जंतू नाही, बरं झालं."

मी म्हटलं, थांबा. रक्तस्राव चालू असताना ही तपासणी खोटी 'नाही' म्हणू शकते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरीही तेच होतं. जिवाणू मेलेला नसतो, संख्या कमी होते आणि तो जागा बदलतो, त्यामुळे सापडत नाही. म्हणून आधी आठ आठवडे पँटोप्राझोल देऊन जखम भरू दिली. मग ती गोळी पूर्ण दोन आठवडे बंद. त्या दोन आठवड्यांत जळजळलं तर साधं अँटासिड चालतं. मग श्वासाची तपासणी केली. यात खास कार्बन घातलेला युरिया प्यायला देतात. पोटात पायलोरी असेल तर तो युरिया फोडतो आणि तोच कार्बन काही मिनिटांत श्वासात येतो. काकांच्या श्वासात आला. ही तपासणी सगळीकडे होत नाही. तिच्याऐवजी शौचाची प्रतिजन तपासणीही तितकीच कामाची. रक्ताची जी तपासणी पॅकेजमध्ये मिळते तिच्यावर मात्र पैसे घालवू नका. ती जिवाणू कधीतरी येऊन गेला एवढंच सांगते, आज आहे का हे नाही.

उपचार चौदा दिवसांचे. आम्लाची गोळी दोन वेळा, बिस्मथ, आणि दोन अँटिबायोटिक्स. कोणती, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, कारण आपल्याकडे पूर्वीच्या नेहमीच्या औषधांना हा जिवाणू बऱ्यापैकी निगरगट्ट झालाय. पाचव्या दिवशी काकांचा फोन. तोंडाला पत्र्यासारखी चव, मळमळ आणि जीभ काळी. "डॉक्टर, बंद करू का?" काळी जीभ आणि काळसर शौच बिस्मथमुळे, चव दुसऱ्या एका गोळीमुळे. बंद केलं असतं तर उरलेले जिवाणू त्या औषधाला सरावलेले राहिले असते आणि पुढचा कोर्स आणखी अवघड झाला असता. त्यांनी चौदा दिवस काढले. आणि औषध संपल्यावर, किमान चार आठवडे थांबून, आम्लाची गोळी पुन्हा दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची तपासणी परत. यावेळी निगेटिव्ह. ही शेवटची तपासणी दहातले सात-आठ जण टाळतात असा माझा ओपीडीतला अनुभव आहे. बरं वाटतंय ना, मग कशाला? पण बरं वाटणं आणि जिवाणू जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, मलम आणि व्यायाम. ती जुनी गोळी कायमची बंद.

गोष्ट इथे संपली असती तर मला भाषण अर्ध्या तासात आटोपता आलं असतं. पण सहा महिन्यांनी काका रागावून आले. "तुम्ही त्या जंतूला मारलंत आणि माझी अ‍ॅसिडिटी वाढली! रात्री छातीत जाळ होतो, आंबट पाणी घशापर्यंत येतं. तो जंतू होता तेच बरं होतं."

आता बघा. दुखण्याची जागा बदलली होती. आधी बेंबीच्या वर, एका बोटाने दाखवता येईल असं, खाल्लं की थांबणारं. आता छातीच्या हाडामागे, खालून वर सरकणारं, जेवल्यावर आणि आडवं झाल्यावर वाढणारं. हा रिफ्लक्स.

अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर स्नायूंची एक कडी असते, झडपेसारखी. गिळताना उघडते, एरवी बंद. पण अधूनमधून ती गिळण्याशिवायही काही सेकंद सैल पडते. ढेकर देता यावी म्हणून निसर्गाने ती सोय ठेवली आहे. जठर तट्ट फुगलं की हे सैल पडणं वाढतं. जेवणानंतर अन्नाच्या ढिगावर, अगदी त्या सांध्यापाशीच, ताज्या आम्लाचं एक तळं साचतं. झडप सैल, वर तळं, आणि माणूस आडवा. अन्ननलिकेला जठरासारखा चिकट थर आणि सोडा नाही. तिच्याकडे बचाव म्हणजे गिळलेली लाळ आणि गुरुत्वाकर्षण. झोपेत आपण गिळतही नाही आणि उभेही नसतो.

म्हणजे रिफ्लक्समध्ये बहुतेकांचं आम्ल जास्त नसतं. ते चुकीच्या जागी असतं. काकांच्या पहिल्या दुर्बिणीच्या रिपोर्टमध्ये झडपेपाशी जठराचा छोटा भाग छातीत सरकलाय, म्हणजे हायटस हर्निया आहे, असं लिहिलेलं होतंच. त्यावेळी रक्तस्रावापुढे कुणी लक्ष दिलं नाही, मीही नाही. शिवाय रात्रीचं दुखणं गेल्यामुळे काका मनापासून जेवू लागले होते. सहा किलो वजन वाढलं होतं. जेवण साडेदहाला, मालिकेबरोबर, आणि अकराला झोप.

जिवाणू मारल्यामुळे रिफ्लक्स होतो का, यावर बराच वाद झाला आहे. ज्यांचा कारखाना जिवाणूने अर्धा बंद पाडलेला होता त्यांच्यात तो पुन्हा सुरू होऊन थोडंफार वाढू शकतं. काकांचं मात्र उलट होतं. त्यांचं आम्ल जिवाणूमुळे वाढलेलं होतं, ते उपचाराने कमीच झालं असणार. म्हणून मी त्यांचा आरोप फेटाळला. वजनकाटा साक्षीला होता.

आणि गोळीबद्दल. ते पँटोप्राझोल रोज घेत होते, पण रात्री जेवणानंतर. ही गोळी फक्त चालू असलेले आम्लाचे पंप बंद करते, झोपलेल्यांना हात लावत नाही. पंप चालू होतात जेवणाने. गोळी रक्तात एक-दोन तासच टिकते. म्हणून ती न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची, म्हणजे पंप जागे होतात तेव्हा ती हजर असते. पूर्ण परिणाम यायला तीनेक दिवस लागतात, त्यामुळे 'जळजळलं की एक घेतली' अशी ती वापरण्यात अर्थ नाही. आणि महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम सोडली तर काही आठवडे आम्ल नेहमीपेक्षा जास्त बनतं. निरोगी स्वयंसेवकांना आठ आठवडे गोळी देऊन बंद केली, तर पूर्वी कधी न जळजळलेल्यांनाही जळजळू लागलं. लोक याला 'माझा आजार परत आला' समजतात आणि गोळी पुन्हा सुरू करतात. हळूहळू कमी करत सोडायची, मधे लागलं तर अँटासिड. ज्यांना खरंच वर्षानुवर्षं ती लागणार आहे त्यांनी पायलोरीची तपासणी करून घ्यावी, कारण आम्ल दाबलेलं असताना हा जिवाणू वरच्या भागात पसरतो. पण रक्त पातळ ठेवायला अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या वयस्करांना डॉक्टरांनी हीच गोळी संरक्षण म्हणून दिली असेल तर माझं भाषण ऐकून ती बंद करू नका. काकूंनी मागे विचारलं होतं म्हणून मुद्दाम सांगतो.

प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारलं, "तिखट बंद करायचं का?" तिखटाने अल्सर होत नाही. ज्याला त्याने जळजळतं त्याने कमी खावं. दुसरा प्रश्न होता, घाबरायचं कधी? काळी शौच आणि कॉफीच्या गाळासारखी उलटी सांगून झाली. गिळताना अडकणं, वजन आपोआप उतरणं, कारण नसताना हिमोग्लोबिन कमी होणं, आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यात गोळी आधी घ्यायची नाही, दुर्बीण आधी. आणि छातीतली जळजळ चालताना येत असेल, घाम येत असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, तर पोटाच्या डॉक्टरकडे येऊच नका. ईसीजी काढायला जा. अ‍ॅसिडिटी समजून रात्र काढलेले हार्ट अ‍ॅटॅक मी पाहिले आहेत.

काकांचं पुढे काय झालं विचारताय? जेवण आठला आणलं. डाव्या कुशीवर झोपू लागले, कारण त्या बाजूला जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. चार किलो उतरले. आणि पलंगाच्या डोक्याकडचे पाय सहा इंच उंच करायला सांगितले होते. उशा वाढवून चालत नाही, त्याने पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. तर त्या पायांखाली त्यांनी विटा ठेवल्या आहेत. विटा कंपाउंडच्या कामातून उरलेल्या होत्या, हे मला परवाच कळलं. सेक्रेटरीसाहेब, त्याचा हिशेब मागू नये अशी माझी नम्र विनंती आहे.